बारशाआधीचा अर्ज

नोकरदार माणसाच्या घरात बाळ जन्मलं, की त्याच्या नावावर तारखा धावायला लागतात. जन्मनोंदणीची एक, लसीकरणाची दुसरी आणि तिसरी सहसा कुणाच्याच कॅलेंडरवर नसते, ती कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमची. त्या पॉलिसीत बाळाला जन्माच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळू शकतं. अट एवढीच असते, की जन्म झाल्याचं ठरलेल्या मुदतीत कळवायला हवं. ही मुदत बहुतेक कंपन्यांत तीस दिवसांची असते. काही ठिकाणी ती पंधरा दिवस असते, काही ठिकाणी साठ. ती कायद्याने ठरलेली नाही. तुमची कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातल्या करारात लिहिलेली असते. त्यामुळे शेजारच्या कंपनीतल्या मित्राला विचारून उपयोग नाही, आपल्याच एचआरला विचारावं लागतं.

तीस दिवस ऐकायला भरपूर वाटतात. तरी मुदत चुकते, आणि ती चुकण्याची कारणं आपल्या घरांच्या रीतीत आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी. पॉलिसी ज्याच्या नावावर आहे तो बाप पुण्यात, बाळ-बाळंतीण सांगलीला, कागद दवाखान्याच्या फाइलमध्ये आणि फाइल आजीच्या कपाटात. शिवाय बारशापर्यंत नाव ठरलेलं नसतं. एचआरच्या पोर्टलवर ‘मुलाचं पूर्ण नाव’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग बाप म्हणतो, बारसं होऊ दे, जन्मदाखला हातात येऊ दे, मग एकदाच सगळं नीट भरू. यातलं ‘मग’ महागात पडतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. व्यक्ती आणि आकडे मानलेले आहेत, घोटाळे मात्र नेहमीचे आहेत. समजा, प्रसाद हिंजवडीत नोकरीला आहे. कंपनीची पॉलिसी 1 एप्रिल ते 31 मार्च अशी चालते. कुटुंबासाठी पाच लाखांचं संरक्षण आहे आणि बाळंतपणासाठी त्यातच 75 हजारांची वेगळी मर्यादा. बायको केतकी माहेरी सांगलीला गेली आहे. 9 मार्चला, चौतिसाव्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. बाळाला श्वासाचा त्रास, म्हणून पेटीत ठेवलं; पुढे कावीळ वाढली, म्हणून फोटोथेरपी. बारा दिवसांनी बाळ घरी आलं. केतकीचं बिल झालं 95 हजार आणि बाळाचं 1 लाख 80 हजार.

आता दोन शक्यता बघा. बाळाचं नाव पॉलिसीत वेळेत गेलं, तर ते स्वतंत्र सभासद होतं आणि त्याच्या आजाराचा खर्च पाच लाखांच्या मुख्य रकमेतून निघतो. डायपर, हातमोजे असल्या विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे 11 हजार वजा केले, तर बाळाचे 1 लाख 69 हजार आणि केतकीचे 75 हजार, असे 2 लाख 44 हजार मिळतात. खिशातून जातात 31 हजार. नाव गेलं नाही, तर विमा कंपनीच्या लेखी हे बाळ अस्तित्वातच नाही. फार तर त्याचा खर्च आईच्या बाळंतपणाच्या मर्यादेत धरला जातो आणि ती मर्यादा आईच्याच बिलात संपलेली असते. मग मिळतात फक्त 75 हजार, आणि घरातून जातात दोन लाख.

इथे एक फट आहे. काही करारांत नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण दिलेलं असतं, पण तेही बाळंतपणाच्या मर्यादेच्या आतच. कागदावर ‘बाळ पहिल्या दिवसापासून समाविष्ट’ हे वाक्य दोन्ही प्रकारच्या करारांत सारखंच दिसतं. म्हणून एचआरला विचारायचा प्रश्न असा: बाळ आजारी पडलं, तर खर्च मुख्य रकमेतून मिळेल की बाळंतपणाच्या मर्यादेतून? निरोगी बाळाची जन्मानंतरची नेहमीची तपासणी बहुधा बाळंतपणाच्याच खात्यात धरतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पेटी, कावीळ, जंतुसंसर्ग यांचं काय, एवढं विचारा. हा प्रश्न सातव्या-आठव्या महिन्यातच ईमेलने विचारून लेखी उत्तर घेऊन ठेवावं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून विचारण्याचा हा प्रश्न नव्हे.

प्रसादने 11 मार्चला, म्हणजे बाळ पेटीत असतानाच, पोर्टल उघडलं. नाव नव्हतं, जन्मदाखला नव्हता. जन्मदाखल्याशिवाय अर्ज होत नाही ही समजूत इतकी पक्की आहे, की कित्येक जण तिथेच थांबतात. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला दवाखान्याचा कागद चालतो. लेटरहेडवर आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्माची तारीख आणि वेळ, मुलगा की मुलगी, वजन, आणि खाली डॉक्टरांची सही-शिक्का असलेलं जन्माचं पत्र. आईचं डिस्चार्ज कार्ड मिळालं असेल तर त्यातही हा सगळा मजकूर असतो. नावाच्या रकान्यात दवाखाना जे लिहितो तेच लिहायचं: ‘बेबी ऑफ केतकी’. विमा कंपनीच्या लोकांना हे नाव रोजचंच आहे. जुळी असतील, तर एक आणि दोन असा क्रम लावून दोन वेगळे अर्ज करायचे, आणि दवाखान्याच्या फाइलमध्ये जो क्रम आहे तोच पोर्टलवर ठेवायचा. बारसं झाल्यावर खरं नाव आणि दाखला देऊन दुरुस्ती करून घेता येते. जन्मतारीख आणि नातं मात्र पहिल्यांदाच बरोबर जायला हवं.

पोर्टल अगदीच अडून बसलं, तर एचआरला ईमेल करावा आणि त्याला दवाखान्याचं पत्र जोडावं. हा ईमेल म्हणजे मुदतीत कळवल्याचा पुरावा. फोनवर सांगितलं, टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला, सगळ्यांनी अभिनंदन केलं, यातलं काहीही पुरावा म्हणून उभं राहत नाही. मुदत मोजताना जन्माचा दिवस पहिला धरावा. त्या हिशोबाने प्रसादचा तिसावा दिवस येतो 7 एप्रिल. काही ठिकाणी दुसऱ्या दिवसापासून मोजतात. तसं असलं तरी आपण एक दिवस आधीच पोचलेलो असतो.

अर्ज भरला म्हणजे बाळ पॉलिसीत गेलं असंही नाही. विमा कायद्याचं 64 व्हीबी हे कलम सांगतं, की हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम घेता येत नाही. दर नव्या बाळामागे कंपनी वेगळा चेक फाडत बसत नाही. तिचं विमा कंपनीकडे एक ठेव खातं असतं, त्याला तिथले लोक सीडी खातं म्हणतात. एचआर ठरावीक दिवसांनी आलेल्या-गेलेल्यांची यादी पाठवतं, त्या खात्यातून हप्ता वळता होतो आणि विमा कंपनी एन्डॉर्समेंट काढते, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं बदलाचं पत्र. त्यानंतर टीपीएच्या यादीत बाळ दिसतं आणि ई-कार्ड तयार होतं. यात आठ-पंधरा दिवस सहज जातात. सीडी खात्यात पैसे कमी असतील, तर यादी तशीच पडून राहते आणि कर्मचाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून अर्ज केल्यावर आठवड्याभराने एकच गोष्ट विचारावी: एन्डॉर्समेंट निघालं का? ‘पाठवलंय’ हे त्याचं उत्तर नव्हे. ई-कार्डावर बाळाच्या नावासमोर सभासद क्रमांक दिसला, की काम झालं.

या मधल्या दिवसांतच बाळ पेटीत असतं, आणि त्याच्या नावाचं ई-कार्ड नसल्यामुळे कॅशलेस अडतं. अशा वेळी एचआरने विमा कंपनीला ‘बाळाची नोंद प्रक्रियेत आहे’ असं पत्र दिलं, तर कधी कधी मार्ग निघतो. नाही निघाला तर पैसे भरून मागून क्लेम करायचा. त्यासाठी दवाखान्यातून निघतानाच काही गोष्टी पाहून घ्याव्या लागतात, कारण नंतर पुण्याहून सांगलीला खेपा घालणं आलं. बाळाचं बिल आईच्या बिलापासून वेगळं मागून घ्या. कित्येक छोटी प्रसूतिगृहं दोघांचं मिळून एकच बिल करतात आणि मग 1 लाख 80 हजार बाळाचे होते, हे सिद्ध करता येत नाही. बाळाचं डिस्चार्ज कार्डही वेगळं हवं, आणि त्यात पेटीत का ठेवलं ते स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘निरीक्षणासाठी दाखल’ एवढंच लिहिलं असेल, तर क्लेम तपासणारा माणूस हमखास विचारतो, की मग उपचार कसला केला? श्वासाचा त्रास होता, ऑक्सिजन इतके दिवस दिला, बिलिरुबिन इतकं होतं, हे कागदावर असू द्या. मूळ बिलं, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट हे तर लागतंच. दाखल झाल्याची सूचना टीपीएला देण्याची मुदत वेगळी आणि कागद जमा करण्याची वेगळी असते. नाव घालायच्या तीस दिवसांशी त्यांची गल्लत करू नये.

महाराष्ट्रातल्या क्लेममध्ये वारंवार अडकणारी गोष्ट आता सांगतो: आईचं आडनाव. केतकी सांगलीच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, त्या तिला लहानपणापासून ओळखतात. फाइल उघडली गेली माहेरच्या नावाने. आधार कार्डही अजून माहेरच्याच नावाचं. कंपनीच्या पॉलिसीत मात्र प्रसादने लग्नानंतर सासरचं नाव भरलं आहे. आता दवाखान्याचं पत्र एका बाईच्या बाळाचं, आणि पॉलिसीतली सभासद वेगळीच बाई. टीपीएकडून ‘खुलासा करा’ असं पत्र येतं आणि तीन आठवडे जातात. यावर उपाय सोपा आहे, पण तो आधी करायचा. पॉलिसीत जे नाव आहे, तेच नाव प्रसूतिगृहाच्या फाइलवर लिहायला लावा. ते जमलं नाही तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा; दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सांगणारा तोच कागद. नवऱ्याने पोर्टलवरचं नाव बदलून माहेरचं करून घेतलं तरी चालतं. आडनाव कुठलं लावायचं हा घरचा प्रश्न. सगळ्या कागदांवर ते एकच असावं, एवढंच विमा कंपनीचं म्हणणं असतं.

जन्मदाखल्याकडे वळू, कारण तो पहिल्या दिवशी लागत नसला तरी लवकरच लागतोच. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. बाळाचे आईबाप पुण्यात राहतात म्हणून पुणे महापालिका दाखला देणार नाही, तो सांगलीच्या महापालिकेतूनच निघेल. दवाखान्यात जन्म झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते आणि नोंदणीची मुदत 21 दिवस. त्यानंतर जन्मापासून तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. पुढे वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. म्हणजे दोन मुदती शेजारी शेजारी धावतात: नोंदणीची एकविसाव्या दिवशी संपते, पॉलिसीची तिसाव्या दिवशी. दवाखान्याने नोंद वेळेत पाठवली, तर पॉलिसीच्या मुदतीत दाखला मिळण्याची आशा असते. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर विचारावं, की नोंद पाठवली का आणि त्याचा क्रमांक काय.

नाव न घालताही जन्माची नोंद होते. नावाचा रकाना मोकळा ठेवून दाखला मिळतो आणि नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालून घेता येतं. पत्रिका पाहायची आहे, आत्या परगावाहून यायची आहे, नावावर एकमत होत नाही, यातलं कुठलंही कारण नोंद लांबवण्याला पुरेसं नाही. काळजी घ्यायची ती दवाखान्यात भरून घेतल्या जाणाऱ्या फॉर्मची. परिचारिका घाईत विचारते, आजोबा घाईत सांगतात, आणि वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं पडतं. हाच कागद पुढे शाळा, पासपोर्ट सगळीकडे जाणार आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. त्यामुळे तो फॉर्म आधार कार्ड समोर ठेवून बापाने स्वतः भरावा. सही करताना पुन्हा एकदा अक्षर न् अक्षर वाचावा.

प्रसादकडे परत जाऊ, कारण त्याची तारीख अवघड आहे. बाळ 9 मार्चला जन्मलं आणि पॉलिसीचं वर्ष 31 मार्चला संपलं. त्याने 11 मार्चला अर्ज केला, 24 मार्चला एन्डॉर्समेंट निघालं, बाळाचा पेटीतला क्लेम जुन्या पॉलिसीत मंजूर झाला. सगळं सुरळीत. पुढे 21 एप्रिलला बाळाला न्यूमोनिया झाला, दवाखान्यात नेलं, तर नव्या ई-कार्डावर नवराबायको दोघंच. झालं असं, की नूतनीकरणासाठी एचआरने कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाची यादी 5 मार्चलाच काढली होती. त्या यादीत बाळ असणं शक्यच नव्हतं. नंतरची भर जुन्या पॉलिसीत पडली, नव्या यादीत ती ओढून घ्यायची कुणाला आठवण राहिली नाही. आता तीस दिवसही उलटलेले. तरी प्रसादची बाजू भक्कम आहे, कारण त्याच्याकडे 11 मार्चचा अर्ज आणि 24 मार्चचं एन्डॉर्समेंट आहे. ते दाखवल्यावर एचआरला 1 एप्रिलपासून नोंद मागून घेता येते. चूक त्यांची आहे हे कागदच सांगतात. ज्यांचं बाळ नूतनीकरणाच्या अल्याड-पल्याड जन्मतं, त्यांनी नाव दोनदा तपासावं: चालू पॉलिसीत आणि नव्या वर्षाच्या ई-कार्डावर.

मुदत खरोखरच चुकली तर? एचआरमार्फत मागील तारखेपासून नोंद करण्याची लेखी विनंती करावी, कारण पॉलिसीधारक कंपनी आहे आणि विमा कंपनी तिचं ऐकते. जन्मापासून एकही क्लेम नसेल, तर अशी विनंती मान्य होण्याची शक्यता चांगली. क्लेम आधीच झालेला असेल तर कठीण आहे. जोखीम घडून गेल्यावर विमा मागितल्यासारखं ते दिसतं. मुदतीत कळवूनही नाव घातलं गेलं नसेल, तर मात्र गप्प बसू नका. विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत, तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. तिथे बाजू मांडायला हातात तारखेचा कागद हवा.

हे झालं कंपनीच्या पॉलिसीचं. स्वतः विकत घेतलेल्या फॅमिली फ्लोटरमध्ये घड्याळ उलटं चालतं. तिथे बाळाला सहसा नव्वद दिवस पूर्ण झाल्यावर, म्हणजे एक्क्याण्णवाव्या दिवसापासून घेतात. विम्याच्या व्याख्येत नवजात म्हणजे नव्वद दिवसांपर्यंतचं बाळ. त्या काळाचं संरक्षण हवं असेल, तर पॉलिसीत बाळंतपणाचा आणि नवजात बाळाचा लाभ आधीपासून घेतलेला असावा लागतो. आणि त्याला नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असतो. दिवस गेल्यावर असली पॉलिसी शोधणाऱ्यांच्या पदरी बहुधा काहीच पडत नाही. प्रसादच्या बाळाचे नव्वद दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात भरतात. त्यानंतर वर्षाच्या मध्येच नाव घालता येतं की नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं, हे पॉलिसीगणिक वेगळं.

मध्येच घालता येत असेल, तर उरलेल्या दिवसांपुरताच हप्ता पडतो. समजा दोघांचा हप्ता 18,000 आहे आणि दोघे व एक मूल असा 21,600. फरक 3,600 चा. पॉलिसीचे 146 दिवस उरले असतील, तर 365 दिवसांच्या प्रमाणात 1,440 रुपये. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे, तेव्हा त्यावर कर नाही. या अर्जाला मात्र जन्मदाखला लागतो, ‘बेबी ऑफ’ सहसा चालत नाही. शिवाय प्रकृतीविषयीचे प्रश्न असतात. बाळ चौतिसाव्या आठवड्यात जन्मलं आणि बारा दिवस पेटीत होतं, हे तिथे लिहायचंच, आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडायची. एजंट म्हणेल, आता बाळ ठणठणीत आहे, कशाला उगाच लिहिता. त्याचं ऐकू नका. पुढे श्वसनाच्याच आजाराचा क्लेम आला, तर जन्माची जुनी फाइल बाहेर निघते आणि लपवलेल्या बारा दिवसांवरून क्लेम तर जातोच, पॉलिसीही धोक्यात येते. बाळासाठीचे प्रतीक्षा काळ त्याचं नाव गेलं त्या दिवसापासून नव्याने सुरू होतात. आईबापांनी चार वर्षं हप्ते भरले आहेत, याचा त्याला फायदा नाही.

कंपनीच्या पॉलिसीत बाळ असताना वेगळा फ्लोटर कशाला, असं विचारणारे बरेच भेटतात. नोकरी सोडली, की बापाबरोबर बाळही कंपनीच्या पॉलिसीतून बाहेर पडतं, आणि नव्या कंपनीची पॉलिसी सुरू होईपर्यंत दोघांनाही काही नसतं. माझं मत विचाराल, तर पहिले नव्वद दिवस कंपनीच्या भरवशावर काढावेत आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी फ्लोटरचा अर्ज करावा. जन्मदाखला तोवर हातात आलेला असतो, आणि त्यावर नावही.